बायो लिहिताय की पाटी?

आजच्या भागात मी एकटाच बोलणार आहे. विषय छोटा आहे, पण त्यात मी स्वतः चांगला आपटलोय, म्हणून अधिकाराने बोलू शकतो. डेटिंग अ‍ॅपवर आपण स्वतःबद्दल ज्या दोन-चार ओळी लिहितो, म्हणजे बायो, त्यात विनोद कसा करायचा? आणि आपल्याला जो विनोद वाटतो, तो समोरच्याला टोमणा का वाटतो?

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला माझी मावसबहीण नाशिकहून पुण्याला आली होती. जेवणं झाली, फराळाचं ताट मध्ये ठेवून आम्ही गप्पा मारत बसलो होतो. तिनं विचारलं, "दादा, अ‍ॅपवर काही जमतंय का?" मी म्हटलं, "मॅच होतात, पण बोलणंच सुरू होत नाही. लोकांना विनोदबुद्धीच नाही." आणि अभिमानानं माझा बायो तिला दाखवला. तो असा होता, जसाच्या तसा वाचतो:

"इंजिनियर आहे, त्यामुळे अपेक्षा कमी ठेवा. 'हाय' म्हणून गायब होणाऱ्यांनी कृपया पुढे सरकावे. उंची विचारणाऱ्यांनी स्वतःचं वजन सांगायची तयारी ठेवावी. आई म्हणाली म्हणून इथे आलोय. तसंही उत्तर येईल असं वाटत नाही."

तिनं वाचलं. हसली नाही. चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "दादा, तू कुणावर चिडलायस?"

मी म्हटलं, "अगं, गंमत आहे ती." ती म्हणाली, "मला माहितीये तू असा बोलतोस. पण हे वाचणारीला कुठे माहितीये?"

आजचा सगळा भाग त्या एका वाक्यावर आहे. मित्रांच्या कट्ट्यावर मी "अपेक्षा कमी ठेवा" म्हणतो तेव्हा माझा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, आणि मुख्य म्हणजे समोरच्याला मी दहा वर्षं माहीत असतो. उपरोध म्हणजे उलटं बोलणं. उलटं बोललेलं सुलट करून घ्यायला ऐकणाऱ्याकडे आपल्याबद्दलची आधीची माहिती लागते. बायो वाचणाऱ्याकडे ती शून्य असते. त्यामुळे तो वाक्य जसं लिहिलंय तसंच घेतो. "अपेक्षा कमी ठेवा" असं लिहिलंय ना? बरं, ठेवल्या कमी. पुढचा प्रोफाइल.

आता मी असं का लिहिलं? एक कारण म्हणजे आपण पुण्यात वाढलो. इथे विनोदाची आपली पहिली शाळा म्हणजे पाटी. "दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास उत्तर मिळेल, पण आवडणार नाही." ही मी आत्ताच रचली, पण या धर्तीच्या पाट्या आपण सगळ्यांनी वाचल्यात आणि फोटो काढून एकमेकांना पाठवल्यात. आपल्याला हसू येतं. का येतं? कारण आपण रस्त्यावरून जाणारे असतो, आपल्याला ती बेल वाजवायचीच नसते. पाटी दुसऱ्या कुणाला तरी झापत असते आणि आपण बाजूला उभं राहून मजा घेत असतो.

बायो वाचणारी व्यक्ती मात्र बाजूला उभी नसते. ती दारात उभी असते, बेलवर बोट ठेवून. तिथे माझी पाटी तिलाच झापते. तिनं काहीही केलेलं नसताना.

आणि गंमत म्हणजे हे मराठीत व्याकरणावरूनच ओळखता येतं. पाटीची भाषा ठरलेली असते. "करणाऱ्यांनी", "येणाऱ्यांनी", "विचारणाऱ्यांनी", पुढे "करू नये", "तयारी ठेवावी". माझ्या पाच वाक्यांत "णाऱ्यांनी" दोनदा आलं होतं. मी इंजिनियर माणूस, म्हणून मी त्याची शोधयादीच केली. आपला बायो समोर ठेवा आणि हे शब्द शोधा: णाऱ्यांनी, नको, नये, फक्त, तरच, कृपया, आणि उपरोधातलं ते खास "आपण". यातला एखादा शब्द सापडला म्हणजे वाक्य वाईटच आहे असं नाही. पण त्या वाक्याजवळ थांबून बघा की आपण कुणाशी तरी भांडत तर नाही आहोत. माझ्या बाबतीत भांडण होतंच. "हाय म्हणून गायब होणाऱ्यांनी" ही ओळ मी एका व्यक्तीसाठी लिहिली होती. तीन महिने रोज बोलून एक दिवस तिचं उत्तर येणं थांबलं. ती काही माझा बायो परत वाचायला येणार नव्हती. तिचा राग मी रोज नव्या माणसांना वाचायला देत होतो. हे त्या दिवाळीपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

असो. मग आम्ही दोघांनी बसून तो बायो दुरुस्त करायला घेतला. त्यासाठी तिनं एक पद्धत सुचवली, ती मला फार आवडली. वाक्यातला विनोद काढून टाकायचा आणि खाली काय उरतं ते साध्या भाषेत लिहायचं. उरलेलं वाक्य आपण एखाद्याला पहिल्या भेटीत तोंडावर सांगू का, एवढंच बघायचं.

पहिली ओळ घ्या. "इंजिनियर आहे, त्यामुळे अपेक्षा कमी ठेवा." विनोद काढला की उरतं, "माझ्याकडून तुम्हाला फार काही मिळणार नाही." हे मी कुणाला कॉफी मागवता मागवता सांगेन का? नाही. इथे स्वतःवर हसण्याबद्दल थोडं बोलतो, कारण लोक म्हणतात की स्वतःवर केलेला विनोद नेहमी सुरक्षित असतो. तसं नाहीये. स्वतःच्या सवयीवर हसणं वेगळं आणि स्वतःच्या किमतीवर हसणं वेगळं. "मी चहा तीनदा गरम करतो आणि तिन्ही वेळा विसरतो" ही सवय आहे. वाचणाऱ्याला हसू येतं, कदाचित तिचीही तीच सवय असते. "मी कंटाळवाणा आहे" ही किंमत आहे. त्यावर वाचणाऱ्यानं काय म्हणायचं? एक तर "नाही हो, असं काही नाही" अशी समजूत काढायची, नाहीतर गप्प पुढे जायचं. अनोळखी माणूस दुसरा मार्ग धरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवा. तो पानोपानी स्वतःची फजिती सांगतो, पण आपल्याला त्याची कीव येत नाही, तो जवळचा वाटतो. कारण तो घडलेल्या गोष्टी सांगतो, स्वतःबद्दलचा निकाल सांगत नाही.

म्हणून मी पहिली ओळ बदलली: "इंजिनियर आहे. चुलतभावाच्या लग्नात एका हातात अक्षता आणि मांडीवर लॅपटॉप, असा माझा फोटो अल्बममध्ये आहे." मला वाटलं, झकास. सवय आहे, प्रसंग आहे, कुणाला टोमणा नाही. बहिणीनं पुन्हा विनोद काढायला लावला. काय उरलं? "मी कामातून कधीच मोकळा नसतो." ती म्हणाली, "म्हणजे भेटायला येतानाही लॅपटॉप आणणार का?" बरोबर होतं तिचं. विनोद प्रेमळ होता, पण त्याच्या खालची माहिती चुकीची होती. खरं म्हणजे ते लग्न चार वर्षांपूर्वीचं. आता मी असं करत नाही.

तिसऱ्या प्रयत्नात जमलं: "कोड लिहितो, पण घरचे मला फक्त प्रिंटर दुरुस्तीला बोलावतात. प्रिंटर अजून जिंकतोय." विनोद काढा. उरतं, "मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरच्यांच्या मदतीला जातो आणि सगळं येतं असा आव आणत नाही." हे मी कुणालाही सांगेन. इथे "फक्त" आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. शोधयादीत तो शब्द होता, पण इथे तो कुणाला अडवत नाहीये. म्हणूनच म्हटलं, शब्द सापडला की थांबून बघायचं, लगेच खोडायचं नाही.

दुसरी ओळ, "गायब होणाऱ्यांनी पुढे सरकावे." याच्या खाली काय होतं? खाली एक खरी इच्छा होती: मला गप्पा आवडतात, नुसत्या "हाय"नं माझं अडतं. तीच गोष्ट कर्ता बदलून लिहिली. आधी कर्ता "ते" होते, आता "मी" केला. "'हाय'ला काय उत्तर द्यावं हे मला सुचत नाही, 'काय जेवलास'ला सविस्तर उत्तर मिळेल." बघा, मागणी तीच आहे. पण आता अडचण माझी आहे, गुन्हा त्यांचा नाही. आणि काय लिहिलं तर चालेल, हेही कळतं.

तिसरी ओळ, उंची आणि वजनाची. ही आम्ही दुरुस्त केली नाही, काढून टाकली. विनोद काढल्यावर उरतं, "तुम्ही मला जोखलंत तर मी तुम्हाला दुखवेन." याला कितीही रंग दिला तरी आत तेच राहतं. शिवाय उंची लिहायला अ‍ॅपमध्ये वेगळा रकाना असतो. तिथे आकडा लिहिला, विषय संपला. हे सगळ्या खऱ्या अटींबाबत लागू आहे. सिगारेट चालत नाही, मुलं हवीत किंवा नकोत, दुसऱ्या शहरात जायची तयारी नाही, अशा गोष्टी सरळ सांगा. त्यांच्यावर विनोद केला की वाचणाऱ्याला कळत नाही, ही अट आहे की गंमत. आणि मग दोन महिन्यांनी दोघांनाही त्रास होतो.

चौथी, "आई म्हणाली म्हणून इथे आलोय." ही ओळ मला फार निरागस वाटायची. विनोद काढला तर उरतं, "मला इथे यायचं नव्हतं." अर्थ असा की जी स्वतःच्या मर्जीनं इथे आलीये, ती माझ्यापेक्षा एक पायरी खाली. मी वरून बघतोय. हा उपरोधाचा सगळ्यात छुपा प्रकार: आपण ज्या रांगेत उभे आहोत त्याच रांगेला नावं ठेवायची. "अ‍ॅपवर भेटलो हे घरी सांगू नका", "इथले सगळे तेच ते" ही सगळी त्याचीच भावंडं. हीसुद्धा काढली.

पाचवी, "उत्तर येईल असं वाटत नाही." हिचं आता वेगळं सांगायला नको. तिच्या जागी काहीतरी असं हवं होतं की ज्याला उत्तर देणं सोपं जाईल.

इथे एक युक्ती सांगतो. आपल्या भाषेत ही चांगली जमते. क्षुल्लक गोष्ट घ्यायची आणि तिच्याबद्दल अगदी गंभीर, सभेच्या भाषेत बोलायचं. "वरणभातावर तूप किती, यावर माझी ठाम भूमिका आहे." कुणाचाही अपमान नाही, पण ऐट आहे, आणि ती ऐट खोटी आहे हे उघड दिसतं. हेच महत्त्वाचं. उपरोधात जे उलटं आहे ते ओळखावं लागतं. इथे तुपासाठी कुणी भूमिका घेत नाही हे सगळ्यांना माहीतच असतं. त्यामुळे विनोद समजायला माझी ओळख असावी लागत नाही. मात्र गोष्ट खरोखर क्षुल्लक हवी, आणि तुमची स्वतःची हवी. भाषा, जात, राजकारण, शाकाहार-मांसाहार इथे ठाम भूमिका घेतलीत, तर ती खरीच भूमिका होते. आणि इंटरनेटवरून उचललेली ओळ असेल, "सार्कॅझम ही माझी मातृभाषा" वगैरे, तर ती वाचणाऱ्यानं त्याच संध्याकाळी आणखी दोन ठिकाणी वाचलेली असते. त्यावर पुढे बोलायलाही काही नसतं. तुपाबद्दल मी अर्धा तास बोलू शकतो.

मग शेवटी प्रश्न जोडला. पूर्ण बायो असा झाला:

"कोड लिहितो, पण घरचे मला फक्त प्रिंटर दुरुस्तीला बोलावतात. प्रिंटर अजून जिंकतोय. 'हाय'ला काय उत्तर द्यावं हे मला सुचत नाही. 'काय जेवलास'ला सविस्तर उत्तर मिळेल. वरणभातावर तूप किती, यावर माझी ठाम भूमिका आहे. तुमचा आकडा सांगा, चमच्यांत."

हे तीनशे अक्षरांच्या आत बसतं. बंबलवर साधारण तेवढीच जागा असते. हिंजवर एका प्रश्नाच्या उत्तराला १५० अक्षरं मिळतात आणि अशी तीन उत्तरं असतात. तिथे हे तीन तुकडे वेगळे करा, एका उत्तरात एकच विनोद. हिंजवर समोरची व्यक्ती नेमक्या एका उत्तरावर बोट ठेवून त्यावरच लिहू शकते, म्हणून प्रत्येक उत्तरात बोट ठेवायला जागा हवी. आणि तिन्ही उत्तरांत विनोद नको. एक तरी साधं, सरळ ठेवा: रविवारी सकाळी सिंहगड चढतो, तबला शिकतोय, जे काही खरं असेल ते. सगळीकडेच विनोद असला की वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

शेवटची तपासणी, आणि ही माझी स्वतःची आहे. लिहिलेलं आपण मनात आपल्याच आवाजात, आपल्याच मिश्किल सुरात वाचतो. त्यामुळे आपल्याला ते कायम गोडच वाटतं. तो सूर काढून टाकायचा. रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणेच्या आवाजात मोठ्यानं वाचा: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. इंजिनियर आहे, त्यामुळे अपेक्षा कमी ठेवा." वाचून बघाच, खरंच भीती वाटते. आता त्याच आवाजात "प्रिंटर अजून जिंकतोय" वाचा. तरीही थोडं हसू येतं. दिवसभराच्या कामानं थकून रात्री अकरा वाजता वाचणारी व्यक्ती साधारण याच आवाजात वाचत असते. आणि शेवटी "जस्ट किडिंग" किंवा तीन हसरे चेहरे लावायची गरज वाटली, तर वाक्य परत उघडा. वाक्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाहीये, म्हणून तुम्ही त्याला टेकू देताय.

या सगळ्याला मर्यादा आहे, तीही सांगतो. बायो बदलल्यावर माझ्याकडे मॅचची रांग लागली नाही. फोटो, शहर, वय, नशीब यांचं काम बायो करत नाही. फरक पडला तो एवढाच की जे कोणी वाचायचे, त्यांच्यातले काही जण बोलायला लागले. पहिलं उत्तर आलं ते असं: "दोन. पण पहिला मी मोजत नाही." मी ऑफिसच्या बसमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो. आम्ही दोनदा भेटलो, छान गप्पा झाल्या, पुढे काही झालं नाही, आणि तसं तिनं मला स्पष्ट लिहून कळवलं. मी ते वाचलं, थोडं वाईट वाटलं, आणि बायोत त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाही. माझ्या मते, माझी खरी सुधारणा ती आहे.

तर मंडळी, तुमच्या बायोतली एखादी ओळ अडली असेल तर आम्हाला पाठवा. पुढच्या भागात नाव न घेता दोन-तीन ओळी घेऊन बसू. आणि तूप किती ते लिहायला विसरू नका. बहिणीला हा भाग आधी ऐकवला होता. तिचं म्हणणं, सल्ला तिचा आणि पॉडकास्ट माझा, तर यंदाची ओवाळणी दुप्पट हवी. यावर माझी अजून ठाम भूमिका झालेली नाही.

भेटू पुढच्या भागात.